एकाच लाइनचे दोन हिशेब

४०० केव्हीची, ३०० किलोमीटर लांबीची लाइन घ्या. पलीकडच्या टोकाचा लोड सुटला तर तिथला दाब किती होईल? उपकेंद्रात बसलेल्या माणसाला हे आधीच ठाऊक असावं लागतं, कारण या यंत्रणेत ४२० केव्हीच्या वर जायची मुभा नसते.

उत्तरासाठी मधली सगळी लाइन एका बंद डब्यात घातली असं समजायचं. अलीकडे दोन टोकं, पलीकडे दोन. हेच टू-पोर्ट नेटवर्क. आत काय आहे ते चार आकडे सांगतात, पण ते मांडायच्या पद्धती अनेक.

ट्रान्समिशन पद्धतीत अलीकडचं पलीकडच्याच्या भाषेत लिहितात:

V1 = A·V2 + B·I2
I1 = C·V2 + D·I2

लोड नाही म्हणजे I2 शून्य, म्हणून V2 = V1/A. आपल्या लाइनचा एकसर रिॲक्टन्स साधारण १०० ओहम आणि कपॅसिटन्समुळे येणारा सस्सेप्टन्स १.०५ मिलिसीमेन्स धरला (रोध सोडून देऊ), तर A = 1 − 0.105/2, म्हणजे ०.९४७५. चारशेला त्याने भागा: ४२२ केव्ही. मर्यादा ओलांडली! हाच फेरांटी परिणाम, आणि म्हणूनच अशा लाइनवर शंट रिॲक्टर बसवतात.

आता हीच लाइन इम्पिडन्स पद्धतीने मांडू. तिथे दोन्ही दाब दोन्ही करंटांच्या भाषेत येतात, आणि Z11 = A/C, Z21 = 1/C. C साधारण १.०२ मिलिसीमेन्स येतो, म्हणून Z11 सुमारे ९२७ आणि Z21 सुमारे ९७८ ओहम, दोन्ही कपॅसिटिव्ह. पण लाइनचे ते १०० ओहम कुठे गेले? ते या दोन मोठ्या आकड्यांच्या वर्गांच्या फरकात दडले आहेत. Z11 मोजताना एक टक्का चूक झाली, तर त्यातून काढलेला B सतरा-अठरा टक्क्यांनी चुकतो. लाइन इतकी आखूड असेल की कपॅसिटन्स सोडून देता येतो, तर C शून्य होतो आणि Z उरतच नाहीत.

शिवाय लाइनच्या दोन्ही टोकांना ट्रान्सफॉर्मर असतातच. ट्रान्समिशन पद्धतीत तिन्हींचे मॅट्रिक्स त्याच क्रमाने गुणले की काम झालं. Z मध्ये हे इतकं सरळ जमत नाही.

मग Z कशाला? जिथे दोन नेटवर्कांचे पोर्ट दोन्ही बाजूंनी एकसर जोडलेले असतात, तिथे Z ची नुसती बेरीज होते. एमिटरला रोध लावून फीडबॅक दिलेला ॲम्प्लिफायर अशा हिशेबाला सोपा जातो. अट एकच: प्रत्येक पोर्टच्या एका टोकातून शिरलेला करंट दुसऱ्या टोकातून तितकाच बाहेर पडला पाहिजे. जोडणीने ते मोडलं, तर बेरीज खोटी ठरते.

रूपांतर करताना चूक होते ती बहुधा चिन्हाची. Z मध्ये I2 आत येणारा, ABCD मध्ये बाहेर जाणारा धरतात. म्हणून शेवटी AD − BC काढून पाहा. रोध, कॉइल, कपॅसिटर आणि ट्रान्सफॉर्मर यांच्या नेटवर्कात ते १ यायलाच हवं. उणे १ आलं, तर I2 ची दिशा उलटी धरली आहे.