बसमधील डुलकी : रात्रीच्या झोपेतून घेतलेली उचल

सायंकाळी साडेसहा-सातच्या सुमारास हिंजवडीच्या राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यानातून बाहेर पडणाऱ्या एखाद्या कंपनी-बसमध्ये डोकावून पाहावे. माणहून निघालेली बस शिवाजी चौकापर्यंत पोहोचण्याआधीच निम्म्याहून अधिक माना खाली गेलेल्या असतात. कोणी खिडकीच्या काचेला डोके टेकलेले असते, कोणी पुढच्या आसनाच्या दांडीवर कपाळ ठेवलेले असते. आपल्या व्यापारी कुटुंबांतील बरीच मुले-मुली आता दुकानाच्या गल्ल्यावर न बसता या बसमध्ये बसतात. बिबवेवाडी, मार्केट यार्ड, कात्रज या भागांतून हिंजवडीला जाऊन-येऊन त्यांचे दिवसाचे तीन तास सहज जातात. हे तीन तास झोपेत गेले तर तेवढीच विश्रांती मिळाली, असे घरातील वडीलधारी मंडळी समजतात. ही समजूत अर्धीच खरी आहे. सकाळची डुलकी आणि सायंकाळची डुलकी दिसायला सारखी असली तरी शरीराच्या हिशेबात त्या दोन वेगळ्या नोंदी आहेत.

बसमध्ये झोप इतक्या लवकर का येते?

आपण जागे असतो त्या प्रत्येक तासागणिक झोपेची गरज थोडी थोडी साठत जाते. मेंदूत अ‍ॅडिनोसिन नावाचे द्रव्य वाढते आणि डोळे जड होऊ लागतात. रात्री अंथरुणावर पडताच झोप लागते ती या दिवसभराच्या साठ्यामुळे. आदल्या रात्री झोप अपुरी झाली असेल तर हा साठा पूर्ण फिटत नाही, शिल्लक दुसऱ्या दिवसावर येते.

त्यात बसच्या संथ हेलकाव्याची भर पडते. जिनिव्हा येथील संशोधकांनी २०११ मध्ये बारा पुरुषांना दुपारी झुलत्या पलंगावर झोपवून पाहिले. साधारण चार सेकंदांना एक झोका असा तो वेग होता. स्थिर पलंगापेक्षा झुलत्या पलंगावर त्यांना झोप लवकर लागली आणि ती लवकर खोलही झाली. पाळण्याचे मर्म आपल्या आजीला ठाऊक होते, त्याची ही मोजणी म्हणावी. मात्र झोका झोपेला केवळ वाट करून देतो. ज्याची रात्रीची झोप पुरेशी झाली आहे, तो याच बसमध्ये पुस्तक वाचत बसू शकतो. म्हणून बसताक्षणी रोजच मान पडत असेल तर दोष बसला न देता आदल्या रात्रीची झोप तपासावी.

किती वेळाची डुलकी उपयोगी?

ऑस्ट्रेलियातील फ्लिंडर्स विद्यापीठातील संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आपल्या प्रश्नाला नेमका लागू पडतो. चोवीस तरुणांना रात्री सुमारे पाचच तास झोपू दिले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी वेगवेगळ्या लांबीची डुलकी घ्यायला लावली. पाच मिनिटांच्या डुलकीचा फारसा लाभ झाला नाही. दहा मिनिटांच्या डुलकीने लगेच तरतरी आली आणि ती अडीच तासांपर्यंत टिकली. वीस मिनिटांच्या डुलकीचा लाभ दिसायला अर्धा तास लागला. तीस मिनिटांच्या डुलकीनंतर मात्र आधी काही काळ सुस्तीच वाढली, लाभ नंतर मिळाला.

याचे कारण झोपेच्या पायऱ्यांत आहे. पहिली काही मिनिटे झोप हलकी असते, त्यातून माणूस सहज बाहेर येतो. वीस-पंचवीस मिनिटांनंतर तो गाढ झोपेत उतरू लागतो. तेथून अचानक उठवले तर डोळे उघडतात, पण मेंदूचा काही भाग अद्याप झोपेतच असतो. ही गुंगी साधारण पंधरा मिनिटे ते अर्धा तास राहते, आणि झोपेची थकबाकी मोठी असेल तर त्याहूनही अधिक. या काळात निर्णय मंदावतो, हातपाय उशिरा हलतात. बसमधील खरा धोका झोपेपेक्षा या गुंगीत अधिक आहे, हे पुढे स्पष्ट होईल.

एका घरातील हिशेब

परिचयातील एका कुटुंबातील सत्तावीस वर्षांच्या मुलाचे उदाहरण घेऊ. घर बिबवेवाडीत, नोकरी हिंजवडीच्या तिसऱ्या टप्प्यात. कंपनीची बस कात्रजहून बाह्यवळण मार्गाने वारजे, चांदणी चौक, बाणेर करीत वाकडला येते. सकाळी साडेसातला बस, सायंकाळी साडेसहाला परत, घरी यायला सव्वाआठ-साडेआठ. त्याच्या आईची तक्रार अशी, की मुलगा बसमध्ये दोन्ही वेळा झोपतो, तरी रविवारी दहापर्यंत उठत नाही आणि बोलले की चिडतो.

त्याच्याकडून आठवडाभर वेळा लिहून घेतल्या. सकाळी बसमध्ये चाळीस मिनिटे झोप. सायंकाळी पावणेसातपासून सुमारे एक तास झोप. रात्री अकराला अंथरुणावर पडे, पण साडेबारापर्यंत डोळा लागत नसे, मग हातात मोबाइल. सकाळी सहाला गजर. म्हणजे रात्रीची झोप साडेपाच तास. बसमधील मिळवून बेरीज सात तासांच्या वर जाते. वहीत ताळेबंद जुळतो, पण प्रकृतीत जुळत नाही. बसून घेतलेली, हिसक्यांनी तुटणारी झोप अंथरुणावरच्या सलग झोपेची बरोबरी करीत नाही.

दोष सायंकाळच्या एका तासात होता. दिवसभर साठलेली झोपेची गरज त्याने सात वाजता खर्च करून टाकली, त्यामुळे अकराला हाताशी काही उरले नाही. रात्र लांबली, सकाळी झोप अपुरी पडली, म्हणून सायंकाळी बसमध्ये पुन्हा डोळा लागला. पगारातून उचल घेणाऱ्याला पुढच्या महिन्यात पुन्हा उचल घ्यावी लागते, तसाच हा प्रकार.

उपाय एवढाच केला, की सकाळची डुलकी वीस मिनिटांवर आणली आणि सायंकाळी जागे राहायचे ठरवले. पहिले चार-पाच दिवस अवघड गेले. तो शेजाऱ्याशी बोले, ऐकण्यासारखे काही लावी. अगदीच डोळे मिटले तर एक सवलत ठेवली होती : पंधरा मिनिटांचा गजर, आणि तोही बस वाकडच्या पुलाआधीच्या कोंडीत रांगत असतानाच. यात दोन लाभ होते. वेळ रात्रीपासून जितकी दूर, तितका रात्रीच्या झोपेला धक्का कमी. आणि कोंडीत बसचा वेग कमी असल्याने अचानक ब्रेकचा हिसकाही सौम्य. बस महामार्गाला लागली की तो जागा असे. तीन आठवड्यांत त्याला अकराच्या सुमारास झोप येऊ लागली आणि रात्रीची झोप पावणेसात-सात तासांवर आली. प्रौढ माणसाला किमान सात तास झोप हवी असे तज्ज्ञ मानतात. रविवारचे दहाही आपोआप आठवर आले.

बसावे कसे, उठावे कसे?

झोप लागली की मानेचे स्नायू सैल पडतात आणि डोके ओझ्यासारखे लोंबते. अशा वेळी ब्रेक लागला तर मानेला झटका बसतो, आणि समोर लोखंडी दांडी असेल तर कपाळ किंवा दात तिच्यावर आपटतात. म्हणून दांडीवर डोके ठेवून कधीही झोपू नये. पाठ व डोक्याची मागील बाजू आसनाला टेकलेली असावी. पट्टा असेल तर तो लावावा. काचेला थेट डोके टेकवल्यास हादरे कवटीला बसतात; मध्ये ओढणी किंवा रुमालाची जाड घडी घ्यावी. गळ्याभोवतीची उशी असेल तर तिचा जाड भाग हनुवटीखाली येईल अशी फिरवावी, कारण मान बहुधा पुढे पडते. पुढच्या व मागच्या चाकांच्या मधली आसने सर्वांत कमी हादरतात. मागचे बाकडे सर्वांत वाईट. दाराजवळच्या आसनावर आणि उभ्याने पेंगणे सर्वस्वी टाळावे.

बॅग मांडीवर, चेन आपल्या पोटाकडे आणि पट्टा हातात अडकवलेला असावा. मोबाइल आतल्या खिशात ठेवून गजर कंपनावर लावावा. रिकाम्या टॅक्सीत किंवा रात्रपाळीच्या वाहनात शेवटी उतरणाऱ्या प्रवाशाने झोपू नये, मग तो मुलगा असो वा मुलगी.

उठण्याचा नियम अधिक महत्त्वाचा आहे. अनेक जण स्वारगेट वा कात्रजला उतरून तेथे ठेवलेली दुचाकी घेतात. गाढ झोपेतून दचकून उठायचे आणि दोन मिनिटांत गाडी सुरू करायची, हा या सर्व प्रकारातील सर्वांत घातक क्षण आहे. गजर थांब्याच्या किमान पंधरा-वीस मिनिटे आधीचा असावा. उतरल्यावरही डोके जड वाटत असेल तर तोंडावर पाणी मारून थोडे चालावे आणि मगच किल्ली फिरवावी.

हिंजवडीला रेल्वे स्थानक नाही, परंतु तळेगाव, कामशेत, लोणावळ्याकडून येणारी मुले लोकलने आकुर्डी किंवा चिंचवडला उतरून पुढे बस धरतात. त्यांच्यासाठी एक वेगळी सूचना आहे. मुंबईप्रमाणे येथे मिनिटामिनिटाला लोकल नसते. स्थानक चुकले या धास्तीने झोपेतून उठून हलत्या गाडीतून उडी मारण्याचा मोह होतो. गुंगीतल्या पायांवर भरवसा ठेवू नये. गाडी हलली असेल तर बसून राहावे आणि पुढच्या स्थानकावर उतरावे. उशीर झाल्याचा दूरध्वनी करता येतो.

वैद्यांकडे कधी जावे?

मेलबर्नच्या एपवर्थ रुग्णालयातील डॉ. मरे जॉन्स यांनी १९९१ मध्ये मांडलेली आठ प्रश्नांची एक मोजपट्टी जगभर वापरली जाते. वाचताना, दूरदर्शन पाहताना, सभेत स्वस्थ बसले असता, दुपारी आडवे झाल्यावर, बोलता बोलता, जेवणानंतर शांत बसले असता, तासभर वाहनात प्रवासी म्हणून बसले असता आणि रहदारीत गाडी काही मिनिटे थांबली असता, डोळा लागण्याची शक्यता किती, याला प्रत्येकी शून्य ते तीन गुण द्यायचे. बेरीज दहाच्या वर गेली तर दिवसाची झोप प्रमाणाबाहेर आहे असे समजतात.

तासभराच्या प्रवासात पेंग येणे हा त्यातील एकच प्रश्न आहे. केवळ तेथे तीन गुण आणि इतरत्र शून्य असेल तर चिंता नाही. पण बोलता बोलता डोळा लागत असेल, रात्री सात-आठ तास झोपूनही बसमध्ये रोज मान पडत असेल, मोठे घोरणे असेल, झोपेत श्वास अडकल्यासारखा होऊन माणूस दचकत असेल, सकाळी डोके दुखत असेल, तर ती झोपेतील श्वासरोधाची लक्षणे असू शकतात. घोरणाऱ्याला स्वतःला हे कळत नाही. ते घरच्यांनीच सांगावे लागते. त्याची तपासणी रात्रभराच्या झोपेच्या चाचणीने होते आणि उपचारही उपलब्ध आहेत. गजर व उशी यांनी तो आजार बरा होत नाही.

ज्यांच्या घरातून कोणी हिंजवडीची बस धरतो, त्यांनी एक आठवडा चार वेळा लिहून पाहाव्यात : सकाळची डुलकी, सायंकाळची डुलकी, रात्री डोळा लागण्याची वेळ आणि गजराची वेळ. सायंकाळच्या रकान्यात अर्ध्या तासाहून मोठा आकडा आणि रात्रीच्या रकान्यात बारा वाजून गेलेले दिसले, तर सुरुवात सायंकाळच्या रकान्यापासून करावी.