‘सॉरी, राँग नंबर’: हातात पडलेले पहिले अठराशे रुपये

आजचा भाग एका साध्या मेसेजबद्दल आहे. "सुनीता, उद्या नाशिकला येतेयस ना?" तुम्ही सुनीता नाही. तुम्ही लिहिता, "राँग नंबर." लगेच उत्तर येतं, "अय्या सॉरी! पण किती छान बोलता तुम्ही, नाहीतर लोक चिडतात." बास, इथून सुरू होतं.

पुढचे तीन-चार आठवडे पैशाचं नावही निघत नाही, हे लक्षात ठेवा. जेवलात का, गुडघा कसाय, मुलाचा फोन आला का, एवढंच. चिनी भाषेत या धंद्याला ‘शा झू पान’ म्हणतात. अर्थ साधारण असा, की डुक्कर आधी पोसायचं आणि मग कापायचं. हे गप्पांचे आठवडे म्हणजे पोसणं.

आता आकड्यांत बघू. समजा, आपले एक निवृत्त काका आहेत. एक दिवस ‘ती’ सहज म्हणते, "आज शेअर्समध्ये बरे पैसे सुटले, माझे मामा टिप देतात." काका स्वतःच विचारतात, कसं करायचं? ती लिंक पाठवते, ॲप उतरवून घ्यायला सांगते. काका १०,००० रुपये भरतात. चार दिवसांत स्क्रीनवर ११,८०० दिसतात. ती म्हणते, "वरचे १,८०० काढून बघा ना." काका काढतात आणि पैसे खरंच बँकेत येतात!

माझ्या मते सगळी फसवणूक या एका क्षणावर उभी आहे. काकांना वाटतं, आपण पडताळून पाहिलं. पण ते १,८०० नफ्याचे नाहीतच. ते काकांच्याच दहा हजारांतले असतील, नाहीतर दुसऱ्या कुणा फसलेल्याचे. आणि फसलेल्याचे असतील, तर त्याच्या तक्रारीवरून काकांचं खातंही गोठवलं जाऊ शकतं.

मग काका २ लाख भरतात, मग ५ लाख. एकूण ७ लाख १० हजार. स्क्रीनवर १९ लाख दिसतात. नातीच्या शिक्षणासाठी काढायला जातात, तर ‘कस्टमर केअर’ सांगतं, नफ्यावर २० टक्के कर आधी भरा. म्हणजे जवळजवळ २ लाख ४० हजार आणखी.

इथे एकच प्रश्न विचारायचा: "या १९ लाखांतूनच कापून घ्या आणि उरलेले द्या." ते नाहीच म्हणणार. कारण एकोणीस लाख कुठे आहेतच कुठे? तो नुसता टाइप केलेला आकडा आहे. आपल्याकडे शेअरच्या नफ्यावरचा कर आपण आपल्या पॅनवर सरकारकडे भरतो. पैसे सोडवण्यासाठी तो ॲपवाल्याच्या खात्यात भरायचा, अशी पद्धतच नाही.

पण तिथवर जायची गरज नाही, आधीही कळतं. खरा शेअर घेतला तर तो डीमॅट खात्यात, म्हणजे एनएसडीएल किंवा सीडीएसएलकडे दिसतो. ॲपमध्ये शेअर दिसतोय आणि डीमॅटमध्ये नाही, तर तो घेतलेलाच नाही. दुसरी खूण म्हणजे पैसे भरायचं खातं. दर वेळी वेगळं, आज कुणा ट्रेडर्सचं, उद्या कुणा माणसाचं. ही भाड्याने घेतलेली खाती असतात. (क्रिप्टोच्या नावाने चालतं तेव्हा डीमॅटची ही परीक्षा लागू पडत नाही. तिथे कर आधी मागणं हीच मोठी खूण.)

त्या खात्यांतून पैसे भराभर पुढच्या खात्यांत फुटतात. म्हणून कळल्याबरोबर १९३० ला फोन करा, किंवा cybercrime.gov.in वर तक्रार टाका. व्यवहाराचा यूटीआर नंबर हाताशी ठेवा. पैसे वाटेत कुठल्या खात्यात असतील तर तिथेच अडवता येतात. एकदा रोख निघाली किंवा क्रिप्टोत गेली, की फार अवघड. चॅट डिलीट करू नका, तो पुरावा आहे. आणि "फी भरा, पैसे परत मिळवून देतो" असा फोन आला, तर तीही फसवणूकच समजा.

एक शेवटचं. ‘सुनीता’ला शोधणारी ती बाई कदाचित बाई नसेलच. म्यानमार, कंबोडियात कुंपणाआड अशी केंद्रं चालतात. नोकरीच्या आमिषाने नेलेल्या, पासपोर्ट काढून घेतलेल्या मुलांना तिथे बसवून हेच टाइप करायला लावतात, त्यात भारतातली मुलंही सापडली आहेत. म्हणून घरातलं कुणी यात अडकलं, तर "एवढं कसं कळलं नाही?" असं म्हणू नका. समोर एकटा माणूस नव्हता, अख्खा कारखाना होता. आणि तुम्ही ओरडलात, तर ते पुढचे २ लाख ४० हजार गुपचूप भरले जातील.

भेटू पुढच्या भागात!