सात दिवस म्हणजे नेमके किती?

स्टोअरमधली एखादी वस्तू ठरलेल्या पातळीखाली गेली की संगणकाने रातोरात पर्चेस ऑर्डर तयार करून ठेवावी, ही सोय आता वीस-पंचवीस माणसांच्या कारखान्यालाही परवडते. मुंबईत तयार झालेल्या ‘ईआरपीनेक्स्ट’ या मुक्त प्रणालीत ती आहे, बेल्जियममधून आलेल्या ‘ओडू’मध्येही आहे. सेटिंगमध्ये एक खूण केली, प्रत्येक वस्तूसमोर रीऑर्डर लेव्हलचा आकडा भरला, की काम सुरू होते. अडचण त्या आकड्याचीच आहे. तो बहुतेक ठिकाणी अंदाजाने भरलेला असतो आणि त्या अंदाजाच्या मुळाशी पुरवठादाराचे एक वाक्य असते : ‘सात दिवसांत माल पोहोचतो.’

उदाहरण घेऊन पाहू. समजा, कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत एक मशिन शॉप आहे. आसपासच्या फाउंड्रीतून आलेली बिडाची कास्टिंग्ज तिथे लेथवर आणि व्हीएमसीवर कापली जातात. कापायला कार्बाइडचे इन्सर्ट लागतात. नखाएवढा तुकडा, पण तो संपला की लाखो रुपयांचे मशिन उभे राहते. एका ठरावीक प्रकारचे रोज सरासरी 20 इन्सर्ट लागतात. काम जास्त असेल त्या दिवशी 26 जातात, कमी असेल तेव्हा 14. पुण्याचा डीलर सात दिवसांचा वायदा करतो. साधा हिशेब असा : सात दिवसांचे 140, वर खपाच्या चढउतारासाठी थोडे, म्हणजे 170 ही पातळी ठेवावी. कामाचेच दिवस मोजले आहेत, साप्ताहिक सुट्टी धरलेली नाही.

आता याच डीलरच्या मागच्या दहा ऑर्डरी काढून बघा. पुरवठ्याला लागलेले दिवस समजा असे निघाले : 6, 7, 7, 8, 8, 8, 9, 10, 12 आणि 15. सरासरी सात नाही, नऊ. नऊ दिवसांत 180 इन्सर्ट खपतात आणि आपण तर 170 उरल्यावर ऑर्डर देतो आहोत. म्हणजे सगळे ‘नेहमीसारखे’ चालले तरी माल येण्याआधी रॅक रिकामा होतो.

डीलर खोटे बोलत असतो असे मात्र नाही. तो त्याच्या हातात ऑर्डर पडल्यापासून माल ट्रान्सपोर्टला देईपर्यंतचे दिवस सांगतो. कारखान्याला हवे असतात ते दिवस शिल्लक पातळीखाली गेली त्या संध्याकाळी सुरू होतात आणि इन्सर्ट तपासून, इनवर्डची नोंद होऊन रॅकवर लागला की संपतात. या दोन टोकांमध्ये आपल्याच कारखान्यातले दिवसही येतात. ऑर्डरवर मालकांची सही व्हायची असते, ते मुंबईला गेलेले असतात. माल गेटवर येतो, पण तपासणीची पेटी उघडायला कुणाला वेळ नसतो. म्हणून लीड टाइम डीलरला विचारू नये, आपल्या नोंदींतून मोजावा. त्यासाठी फक्त दोन तारखा लागतात : पातळी ओलांडल्याची आणि माल वापरण्याजोगा झाल्याची.

सरासरी मिळाली तरी काम संपत नाही. 6 ते 15 हा पसारा त्या सरासरीपेक्षा जास्त छळतो. आर. एच. विल्सन यांनी 1934 साली ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त साठा नियंत्रणाची शास्त्रशुद्ध पद्धत मांडली, त्याला आता नव्वद वर्षे होऊन गेली. पुढच्या काळात रूढ झालेले सूत्र खप आणि लीड टाइम या दोन्हींची अनिश्चितता एकत्र धरते :

```
reorder_level = d*L + 1.65*sqrt(L*sd^2 + d^2*sL^2)
```

यात `d` म्हणजे रोजचा सरासरी खप, `L` म्हणजे सरासरी लीड टाइम. `sd` आणि `sL` हे त्या दोघांचे चढउतार, संख्याशास्त्रात ज्याला प्रमाण विचलन म्हणतात ते. कोणतीही स्प्रेडशीट ते क्षणात काढून देते. 1.65 हा आकडा शंभरातल्या साधारण पंचाण्णव खेपांना माल कमी पडू नये यासाठी आहे. आपल्या उदाहरणात खपाचा चढउतार 6 आणि लीड टाइमचा 2.7 दिवस. सूत्रात घातले की 180 वर सुमारे 94 इन्सर्टचा सेफ्टी स्टॉक येतो. दहा नगांच्या पेटीत बसवायचे तर पातळी 280.

त्या 94 मध्ये कुणाचा वाटा किती, हे पाहण्यासारखे आहे. डीलर दर वेळी बरोबर नवव्या दिवशी माल देणारा असता, तर खपाच्या चढउतारासाठी फक्त 30 नग पुरले असते. बाकीचे सगळे त्याच्या बेभरवशामुळे आपण पैसे घालून रॅकवर ठेवतो. आणि तरीही पंधरा दिवस लागले त्या खेपेला 300 नग लागले असते, 280 नाही पुरले. लीड टाइमचे उशीर एकाच बाजूला लांबतात. सहा दिवसांचे दोन होत नाहीत, पण पंधराचे वीस होऊ शकतात. त्यामुळे मशिन बंद पडणे परवडणारच नाही अशा वस्तूंसाठी मी सूत्राचे उत्तर आणि सर्वांत वाईट खेपेचा हिशेब शेजारी मांडून बघेन आणि मोठा आकडा घेईन.

पातळी ठरली. आता संगणक रोज रात्री काय तपासतो ते पाहू. नवख्या माणसाने स्वतः प्रोग्रॅम लिहिला तर तो रॅकवरची शिल्लक तपासतो आणि गडबड होते. सोमवारी शिल्लक 275 झाली, ऑर्डर निघाली. मंगळवारी शिल्लक 255, अजूनही 280 च्या खालीच, म्हणून दुसरी ऑर्डर. माल येईपर्यंत रोज एक. म्हणून तुलना रॅकशी करायची नसते. रॅकवरचा माल, वाटेवरचा माल आणि आधीच कुणासाठी राखून ठेवलेला माल यांची गोळाबेरीज बघायची असते :

```
position = on_hand + on_order - reserved
if position <= reorder_level:
    make_draft_po(item, supplier, qty)
```

ईआरपीनेक्स्टमध्ये या गोळाबेरजेला `Projected Qty` म्हणतात. तिथे एक बारकावा आहे. पातळीखाली गेल्यावर ती प्रणाली थेट ऑर्डर काढत नाही, आधी `Material Request` म्हणजे मागणीपत्र तयार करते. त्यावरून पुढे ऑर्डर बनते. शिवाय वस्तूच्या नोंदीतल्या `Lead Time in days` या रकान्यामुळे माल कधी हवा ती तारीख ठरते, पातळी आपोआप हलत नाही. पातळीची शिफारस `Itemwise Recommended Reorder Level` या अहवालात मिळते आणि ती वस्तूवर आपणच भरायची असते. लीड टाइम भरला म्हणजे पुढचे सगळे आपसूक झाले, असा समज करून घेणाऱ्यांचा घात इथे होतो.

वाटेवरचा माल धरल्याने रोज ऑर्डर निघण्याची चूक थांबते, पण त्यातूनच दुसरी आणि जास्त धोक्याची चूक जन्मते. समजा, मागे 300 नगांची ऑर्डर दिली होती, डीलरने 200 पाठवले आणि ‘बाकीचे नंतर’ म्हणाला. ते नंतर कधी आलेच नाहीत, सगळे विसरूनही गेले. संगणक विसरत नाही. त्याच्या लेखी ते 100 नग आजही वाटेवर आहेत. म्हणून तो 280 ला जागा होण्याऐवजी रॅकवर 180 उरल्यावर जागा होतो. दुप्पट ऑर्डर गेली तर बिल येते आणि कुणीतरी ओरडते. ही चूक मात्र माल संपेपर्यंत गप्प असते. ओळखायचा मार्ग सोपा आहे. ठरलेली तारीख उलटून गेलेल्या, अर्धवट राहिलेल्या ऑर्डरींची यादी दर आठवड्याला काढायची. प्रत्येक ओळीवर डीलरला फोन करायचा, नवी तारीख घ्यायची, नाहीतर ती ऑर्डर बंद करायची. ज्या कारखान्याला ही यादी बघायला सवड नाही, त्याने स्वयंचलित ऑर्डरी सुरूच करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

तशीच एक लपलेली चूक खपाच्या सरासरीत असते. इन्सर्ट संपलेले असताना चार दिवस खप शून्य दिसतो. मागणी होती, माल नव्हता. पण नोंदीत फक्त शून्य उरते. हे दिवस सरासरीत धरले की रोजचा खप कमी येतो, त्यावरून पातळी खाली येते आणि पुढच्या वेळी माल आणखी लवकर संपतो. सरासरी काढताना माल नसलेले दिवस वगळलेच पाहिजेत. खपाच्या नोंदी वेळेवर होणे तर याच्याही आधी येते. ऑपरेटरने रात्रपाळीत पेटी उचलली आणि स्लिप दोन दिवसांनी संगणकात गेली, तर त्या दोन दिवसांत 40 नग कागदावर शिल्लक आहेत आणि रॅकवर नाहीत.

संगणकाने केलेली ऑर्डर तशीच डीलरकडे जाऊ द्यावी का? सुरुवातीला नाही. ती कच्च्या रूपात थांबावी आणि सकाळी खरेदी बघणाऱ्याने नजर टाकावी. नजर मुख्यतः एककावर हवी, कारण नग आणि पेटी यांची गल्लत झाली की 300 नगांच्या जागी 300 पेट्या, म्हणजे 3000 इन्सर्ट दारात येतात. काही महिन्यांनी दर मागच्या ऑर्डरीइतकाच असेल आणि नग नेहमीच्या मर्यादेत असतील, अशा ऑर्डरी सहीवाचून जाऊ द्याव्यात, बाकीच्या थांबवाव्यात. सहीसाठी जाणारा एक दिवस वाचला की तोही लीड टाइममधून कमी होतो. उलट वाहतूक खर्च वाचवण्यासाठी एका डीलरच्या सगळ्या ऑर्डरी फक्त सोमवारी पाठवायच्या ठरवल्या, तर मंगळवारी पातळीखाली गेलेली वस्तू जवळजवळ आठवडाभर थांबते. ती प्रतीक्षाही लीड टाइममध्ये धरून पातळी वाढवावी लागते.

दहा-बारा खेपांच्या तारखा हातात आल्या की डीलरशी बोलण्याची रीतही बदलते. आपण नेहमी ‘जरा लवकर द्या’ म्हणतो. आपल्या उदाहरणात त्याने सरासरी एका दिवसाने घटवली, पण पसारा तोच ठेवला, तर पातळी 280 वरून 260 होते. त्याऐवजी सरासरी नऊच राहू दिली आणि प्रत्येक खेप आठ ते दहा दिवसांच्या आत आणली, तर पातळी 220 वर उतरते. एका वस्तूमागे 60 इन्सर्ट रॅकवरून कमी होतात. डीलरलाही हे जास्त सोपे जाते : त्याला पुण्याहून गाडी लवकर सोडायची नसते, ठरलेल्या वाराला सोडायची असते.