देणे कबूल न करता तडजोड

घराच्या फर्निचरचे काम 4 लाख 80 हजारांत ठरले होते. घरमालकाने 3 लाख दिले आणि उरलेल्या 1 लाख 80 हजारांवर गाडी अडली. स्वयंपाकघरातल्या कपाटांचा सनमायका दोन महिन्यांत सुटू लागला होता. दुरुस्तीलाच 60 हजार लागतील, असे मालकाचे म्हणणे. काम ठीकच आहे, असे कंत्राटदाराचे. कोर्टाची पायरी टाळण्यासाठी मालक 1 लाख 30 हजार द्यायला तयार झाला. पण हे लिहून पाठवायचे म्हटले की धास्ती वाटते. बोलणी फिसकटली तर समोरचा तेच पत्र कोर्टात ठेवून म्हणेल, ‘एवढे देणे तर यांनीच कबूल केले आहे.’

याच भीतीपोटी वकिलांच्या पत्रांवर ‘विदाउट प्रेज्युडिस’ लिहिलेले असते. काही जण याचे मराठी ‘पूर्वग्रहाविना’ असे करतात. ते चुकीचे आहे, कारण इथे प्रेज्युडिस म्हणजे हक्काला पोहोचणारी बाधा. ‘हक्कांना बाधा न येता’ हे नेमके मराठी.

या संरक्षणाचा आधार भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 21 मध्ये आहे. 1872 च्या जुन्या पुरावा कायद्यात तो कलम 23 मध्ये होता. पुरावा म्हणून वापरायची नाही अशा स्पष्ट अटीवर दिलेली कबुली दिवाणी दाव्यात ग्राह्य धरली जात नाही. अट लिहिलेली नसली, तरी उभयतांचे तसे ठरले होते असा निष्कर्ष परिस्थितीवरून निघत असेल, तर तेवढेही पुरते. म्हणजे शिक्का विसरला म्हणून सगळे संपले असे नाही आणि शिक्का मारला म्हणून सगळे झाकले गेले असेही नाही.

खरा प्रश्न असतो तो पत्रात वाद आहे का आणि तो मिटवण्याचा प्रयत्न आहे का, हा. आपल्या घरमालकाने भाबडेपणाने असे लिहिले समजा: ‘तुमचे 1 लाख 80 हजार बाकी आहेत हे मान्य, पण सध्या हात आखडता आहे, 1 लाख 30 हजारांवर भागवा.’ यात वाद कुठे आहे? ही देणे मान्य करून मागितलेली सवलत आहे. ब्रिटनमध्ये 2006 साली हाउस ऑफ लॉर्ड्ससमोर असाच मुद्दा आला होता. कर्जदाराच्या वतीने लिहिलेल्या पत्रांत कर्जाबद्दल वाद नव्हता, फक्त परतफेडीची बोलणी होती, म्हणून ती पत्रे पुराव्यात आली. तो निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही, पण इशारा म्हणून मोलाचा आहे.

तेच पत्र सावधपणे असे लिहिता येते:

‘हक्कांना बाधा न येता, केवळ तडजोडीसाठी. हे पत्र कोणत्याही न्यायालयात पुरावा म्हणून वापरायचे नाही, या अटीवर देत आहे. कपाटांच्या कामात दोष असल्याने आपली 1,80,000 रुपयांची मागणी मला मान्य नाही. तरीही वाद मिटावा म्हणून, कोणतेही देणे कबूल न करता, या कामाबाबतच्या दोन्ही बाजूंच्या सर्व मागण्यांच्या पूर्ण व अंतिम निपटाऱ्यापोटी 1,30,000 रुपये देण्याचा प्रस्ताव ठेवतो. लेखी स्वीकृती 30 तारखेपर्यंत माझ्याकडे पोहोचावी. त्यानंतर हा प्रस्ताव राहणार नाही. स्वीकृतीनंतर सात दिवसांत रक्कम देईन.’

यातले ‘मान्य नाही’ आणि ‘कोणतेही देणे कबूल न करता’ हे शब्द सगळ्यात कामाचे, कारण वाद आणि प्रस्ताव दोन्ही तिथे दिसतात. ‘दोन्ही बाजूंच्या सर्व मागण्या’ नसते, तर पैसे घेऊन कंत्राटदार जादा कामाचे वेगळे बिल पाठवू शकला असता. दोषांची यादी, फोटो, दुरुस्तीचे अंदाजपत्रक हे जे न्यायाधीशांनी पाहावे असे वाटते, ते वेगळ्या, शिक्का नसलेल्या पत्रात पाठवावे. दोन्ही एकाच कागदावर आले, की कुठला भाग झाकलेला आणि कुठला उघडा यावरच भांडण होते. व्हॉट्सअॅपवरच्या बोलण्यातही तोच धोका आहे. प्रस्ताव पत्रात देऊन मग ‘बाकी द्यायचेच आहेत हो’ असा मेसेज टाकला, तर तो मेसेज पुढे केला जाऊ शकतो.

कंत्राटदाराने मुदतीत होकार कळवला, की पत्राचे रूप बदलते. तो करार होतो आणि पैसे दिले नाहीत तर करार झाला हे दाखवायला तेच पत्र कोर्टात येऊ शकते. म्हणून परवडेल तेवढाच आकडा लिहावा.

कलम 21 दिवाणी प्रकरणांपुरते आहे. मालकाचा एखादा चेक बाउन्स होऊन त्याची फौजदारी तक्रार झाली असेल, तर या कलमावर विसंबून काही लिहू नये; मसुदा आधी वकिलाला दाखवावा.

कंत्राटदाराच्या बाजूनेही एक धोका आहे. अशा थकबाकीच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते आणि नुसती बोलणी चालू आहेत म्हणून ती थांबत नाही. मालकाने लेखी, सहीनिशी देणे मान्य केले, तर त्या तारखेपासून नवी मुदत मिळते. पण वरच्यासारख्या पत्रात मालकाने देणे मान्यच केलेले नसते. अशा पत्रांची देवाणघेवाण करत तिसरे वर्ष संपत आले असेल, तर कंत्राटदाराने बोलणी चालू ठेवूनच दावा दाखल करावा.