पंख्याचा थकलेला कपॅसिटर

छताच्या साध्या पंख्यात एक कपॅसिटर असतो. वायरमन त्याला कंडेन्सर म्हणतात. काडेपेटीएवढी चौकोनी डबी किंवा बोटभर लांबीची नळी, तिच्यातून निघालेल्या दोन वायरी आणि अंगावर छापलेले ‘२.५ मायक्रोफॅरड, ४४० व्होल्ट’ असे आकडे, एवढेच त्याचे रूप. पंखा नुसता घूं घूं करू लागला, पाचावर ठेवूनही रेंगाळू लागला किंवा पात्याला हात लावल्याशिवाय सुरू होईना, तर पहिला संशय या डबीवर घ्यावा.

घरात येणारी वीज सिंगल फेज असते. तिच्यामुळे मोटरीच्या मुख्य वाइंडिंगमध्ये तयार होणारे चुंबकीय क्षेत्र जागच्या जागी वाढते आणि कमी होते, फिरत नाही. त्यामुळे मोटरीला कोणत्या बाजूला वळायचे हेच ठरत नाही. यासाठी पंख्यात दुसरे, स्टार्टिंगचे वाइंडिंग असते आणि कपॅसिटर त्याच्याशी सिरीजमध्ये जोडलेला असतो. कपॅसिटरमुळे या वाइंडिंगमधला प्रवाह मुख्य प्रवाहाच्या पुढे सरकतो. दोन क्षेत्रे अशी मागेपुढे झाली की त्यांचे मिळून फिरते क्षेत्र बनते आणि पंखा त्याच्यामागे फिरू लागतो. पंखा सुरू झाल्यावरही कपॅसिटर सर्किटमधून बाहेर पडत नाही, तो अखंड काम करत राहतो. म्हणूनच त्याची ताकद घटली की पंखा नुसता उशिरा सुरू होत नाही, त्याचा वेगही कायमचा उतरतो.

ही ताकद बहुतेक वेळा हळूहळू जाते. आत प्लास्टिकच्या पातळ फिल्मवर धातूचा अतिशय बारीक थर असतो. व्होल्टेजच्या झटक्याने फिल्मला कुठे सूक्ष्म छिद्र पडले तर त्याभोवतीचा धातू जळून उडतो आणि शॉर्ट सर्किट टळते. कपॅसिटर वाचतो, पण दर वेळी धातूचा थोडा पृष्ठभाग कमी होतो आणि त्याबरोबर मायक्रोफॅरडही उतरतात. छताजवळची उष्णता हे काम लवकर करते. डबी फुगली किंवा तडकली असेल तर निदान सोपे, पण पुष्कळदा ती बाहेरून नव्यासारखीच दिसते.

नवा कपॅसिटर आणण्याआधी दोन गोष्टी तपासाव्यात. वीज बंद करून पंखा हाताने फिरवावा. तो आवाज न करता बराच वेळ फिरत राहिला तर बेअरिंग ठीक आहे. खरखर करून लगेच थांबला तर दोष तिथे आहे. मग रेग्युलेटर पाचावर ठेवून पाहावे. पाचावर वेग पूर्ण मिळत असेल आणि खालच्या आकड्यांवरच गडबड होत असेल, तर रेग्युलेटर तपासायला हवा. घरातले सगळेच पंखे मंद असतील तर व्होल्टेज कमी आहे.

कपॅसिटर पूर्ण गेल्याची एक खूण फार बोलकी आहे. असा पंखा ज्या बाजूला ढकलाल त्या बाजूला फिरू लागतो, उलट ढकलला तर उलटाही. दिशा ठरवणारे वाइंडिंगच कामातून गेलेले असते. ही खूण पाहायची ती काठीने, हाताने नव्हे. आणि पंखा रोज असा ढकलून चालवू नये: थांबलेल्या, गुणगुणणाऱ्या मोटरीत प्रवाह वाहत राहतो, वारा मात्र नसतो आणि वाइंडिंग तापून जळण्याची भीती असते.

बदलण्याच्या कामात वीज बंद करणे हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. भिंतीवरच्या बटणावर भरवसा ठेवू नये. जुन्या घरांत कित्येकदा बटण न्यूट्रलवर जोडलेले असते आणि ते बंद असूनही पंख्यात फेज पोहोचतो. मेन स्विच किंवा त्या खोलीचा एमसीबी पाडावा आणि पंख्याच्या कनेक्टरवर टेस्टर लावून खात्री करावी. न डुगडुगणारी शिडी किंवा घोडा घ्यावा आणि तो धरायला खाली माणूस असावा.

बहुतेक पंख्यांत कपॅसिटर दांड्याच्या खालच्या टोकाला, मोटरीवरच्या वाटीत असतो; काहींत छताजवळच्या वाटीत. वाटीचा स्क्रू सैल करून ती सरकवली की कनेक्टर आणि कपॅसिटर दिसतात. दांड्याचा नट-बोल्ट आणि त्यातली पिन यांना हात लावू नये, सगळा पंखा त्यांच्यावर लटकलेला असतो. वायरी सोडवण्याआधी मोबाइलवर जोडणीचा स्पष्ट फोटो काढावा. वायरींचे रंग कंपनीगणिक बदलतात, त्यामुळे फोटोच खरा आधार. वाइंडिंग शाबूत असेल तर कपॅसिटरमधला भार त्यातून उतरून जातो, पण वाइंडिंग तुटलेले असेल तर तो आत राहू शकतो. म्हणून जुन्या कपॅसिटरची दोन टोके होल्डरमधल्या साध्या पिवळ्या बल्बच्या वायरींना क्षणभर लावावीत आणि मगच ती हाताळावीत.

समजा १२०० मिलिमीटरच्या पंख्यातला २.५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सोडवून मल्टिमीटरवर मोजला आणि १.६ आला. त्यावर ५ टक्के फरकाची मुभा छापलेली असेल, तर तो साधारण २.३८ ते २.६३ यांच्या दरम्यान हवा. म्हणजे तिसऱ्या हिश्शाहून अधिक ताकद गेली. मोजताना तो पंख्यापासून पूर्ण सुटा असावा, नाहीतर वाइंडिंगमुळे आकडा चुकतो.

नवा कपॅसिटर तेवढ्याच मायक्रोफॅरडचा आणि ४४० व्होल्ट एसीचा घ्यावा. पुरवठा २३० व्होल्टचा असला तरी चालू पंख्यात कपॅसिटरच्या टोकांवर त्याहून बरेच जास्त व्होल्टेज पडते. वेग वाढावा म्हणून मोठा आकडा घेण्याचा मोह टाळावा. त्याने स्टार्टिंगचे वाइंडिंग तापते आणि पंख्याचे आयुष्य घटते. या कपॅसिटरला उलट-सुलट टोक नसते, त्यामुळे त्याच्या दोन वायरींपैकी कोणतीही कुठेही चालते. मात्र पुरवठ्याची वायर आधी कपॅसिटरच्या ज्या बाजूच्या जोडावर होती, त्याच जोडावर राहायला हवी. ती दुसऱ्या बाजूला गेली तर पंखा उलटा फिरतो आणि वारा वर जातो. मग वीज बंद करून ती वायर बदलली की झाले. कनेक्टरचे स्क्रू घट्ट आवळावेत, उघडा जोड टेपने गुंडाळावा आणि वाटी बसवताना वायर चिमटणार नाही हे पाहावे.

फरक पडला की नाही हे मोजताही येते. कामाआधी एका पात्याला पांढऱ्या कागदी टेपचा तुकडा लावून मोबाइलवर पंख्याचा स्लो मोशन व्हिडिओ काढावा आणि फेऱ्या मोजाव्यात. वरच्या उदाहरणातला पंखा दहा सेकंदांत ३५ फेऱ्या घेत असेल, तर नव्या कपॅसिटरवर त्याने ५८च्या आसपास घ्यायला हव्यात, म्हणजे मिनिटाला साधारण ३५०.

नवा कपॅसिटर बसवूनही पंखा पूर्वीसारखाच गुणगुणत राहिला, तर स्टार्टिंगचे वाइंडिंग किंवा त्याचा जोड तुटलेला असतो. तेव्हा मोटर दुरुस्तीवाल्याकडे न्यावी. रिमोटवर चालणाऱ्या बीएलडीसी पंख्यांना हे काहीच लागू नाही, कारण त्यांत असा कपॅसिटर नसतो. मोटर चालवते ती इलेक्ट्रॉनिक सर्किटची पट्टी.