थर्माकोलचा ठोकळा आणि टेम्पोचा हिशोब

फ्रिज किंवा टीव्हीच्या खोक्यात येणारे पांढरे थर्माकोल म्हणजे फुगवलेले पॉलिस्टायरीन. पॉलिस्टायरीनच्या बारीक मण्यांमध्ये पेंटेन मुरवलेले असते. वाफ दिली की मणी फुगतात आणि साच्यात एकमेकांना चिकटतात. तयार झालेल्या वस्तूच्या आकारमानात साधारण 98 टक्के हवा असते. त्यामुळे पॅकिंगच्या एक घनमीटर थर्माकोलचे वजन 15 ते 25 किलो भरते, तर त्याच मापाच्या घट्ट पॉलिस्टायरीनचे सुमारे 1,050 किलो. भंगार वजनावर विकले जाते, टेम्पोचे भाडे मात्र फेरीवर ठरते. म्हणून भंगारवाले थर्माकोल सहसा घेत नाहीत. ते पुन्हा वापरता येत नाही हा समज चुकीचा आहे.

यावर उपाय म्हणजे हवा काढून टाकणे. शीत दाबयंत्रात आधी दातेरी रोलर तुकड्यांचा चुरा करतात. मग मोठा स्क्रू तो चुरा अरुंद तोंडाकडे ढकलतो. दाब आणि घर्षण यांमुळे मण्यांमधली हवा निघून जाते आणि तोंडातून चौकोनी, सलग ठोकळा बाहेर येतो. त्याची घनता घनमीटरला 200 ते 350 किलोपर्यंत जाते. दुसऱ्या प्रकारच्या यंत्रात माल तापवून वितळवतात. ती लादी आणखी घट्ट होते, पण उष्णता जास्त झाली की पॉलिमरच्या लांब साखळ्या तुटतात, माल पिवळा-तपकिरी पडतो आणि भाव उतरतो. वितळवताना उग्र वास आणि वाफाही सुटतात. जागा बंदिस्त असेल तर तिथे काम करणाऱ्यांना त्याचा त्रास होतो. म्हणून माल स्वच्छ असेल तर शीत दाबच बरा.

ठोकळे पुढे पुनर्वापर कारखान्यात जातात. तिथे त्यांचा चुरा करतात, तो वितळवून जाळीतून गाळतात, त्याच्या तारा काढतात आणि तारा कापून दाणा तयार करतात. या दाण्यापासून फोटोफ्रेमच्या पट्ट्या, कपड्यांचे हँगर, उष्णतारोधक फलक अशा वस्तू बनतात. सगळ्यात जास्त बिघाड होतो तो निवडीत. चिकटपट्टी, कागदी लेबल किंवा ओलावा राहिला की दाण्यात डाग आणि बुडबुडे येतात. पांढरा, मऊ पॉलिथिनचा फोमही हमखास मिसळतो. तो ओळखायला यंत्र लागत नाही: थर्माकोल वाकवले की कट्कन तुटते आणि तुटल्या जागी मणी दिसतात, तर पॉलिथिनचा फोम नुसता वाकतो.

आता हिशोब. त्यातले आकडे उदाहरणादाखल मानलेले आहेत. भाव आणि भाडे गावागणिक बदलेल, पण रीत तीच राहील. टेम्पोत 15 घनमीटर जागा आहे. सुट्या तुकड्यांमध्ये पोकळी राहते, त्यामुळे घनमीटरला 10 किलो धरले तर पूर्ण भरलेल्या फेरीत 150 किलो माल येतो. फेरीला 3,000 रुपये लागले, तर गोळा करण्याचा खर्च किलोला 20 रुपये. वीज आणि ठोकळ्यांची पुढची वाहतूक मिळून 3 रुपये. ठोकळा 38 रुपयांना विकला तर किलोमागे 15 रुपये उरतात. यंत्राचा हप्ता, दोन कामगार आणि जागेचे भाडे मिळून महिन्याला 60,000 रुपये होत असतील, तर ते भरून निघायला 4,000 किलो माल हवा. म्हणजे महिन्याला 27 भरलेले टेम्पो, जवळपास रोज एक. महिन्याला एकच टन आला, तर हाच स्थिर खर्च किलोला 60 रुपये पडतो.

टेम्पो अर्धा रिकामा आला तर गोष्ट आणखी बिघडते. गोळा करण्याचा खर्च किलोला 40 रुपये होतो, विक्रीच्या भावापेक्षाही जास्त. मग यंत्र दिवसरात्र चालवले तरी प्रत्येक किलोवर तोटाच. हा दोष यंत्राचा नसतो. दारोदार फिरून एकेका घरचे थर्माकोल गोळा करण्याच्या योजना बहुतेक याच ठिकाणी अडकतात.

म्हणून यंत्र मालाजवळ नेणे शहाणपणाचे. उपकरणांचे सुटे भाग जिथे थर्माकोलमध्ये येतात ते कारखाने, विक्रेत्यांची मोठी गोदामे आणि मासळी बाजार इथे माल रोज, एका जागी आणि एकाच जातीचा मिळतो. टोकियोच्या मोठ्या मासळी बाजारात माशांच्या थर्माकोल पेट्या बाजाराच्या आवारातच वितळवून त्यांच्या लाद्या करण्याची पद्धत आहे. वरच्याच हिशोबात यंत्र गोदामात बसवले आणि गोळा करण्याचा खर्च 5 रुपयांवर आला, तर किलोमागे 30 रुपये उरतात आणि 2,000 किलोंतच खर्च निघतो. ठोकळ्यांना घनमीटरला 300 किलो घनता मिळाली, तर त्याच टेम्पोतून एका फेरीत अडीच टन माल जातो, आणि तेव्हा जागेआधी वजनाची मर्यादा येते.

नगरपालिकेने किंवा संस्थेने यंत्र विकत घेण्याआधी पूर्ण महिनाभर येणारे थर्माकोल वजन करून पाहावे. फेऱ्या किती भरून येतात, याचीही रोज नोंद ठेवावी. हे दोन आकडे हाती नसतील, तर यंत्राची मागणी नोंदवू नये.