पीक विम्याचं कॅप्शन: एका तारखेने घातलेला घोळ

आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीचा व्हॉट्सॲप ग्रुप मी सांभाळतो. २०२५-२६ च्या रब्बीत मी पीक विम्याचं एक छान पोस्टर टाकलं आणि खाली लिहिलं, 'शेवटची तारीख १५ डिसेंबर'. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात चुलते कागदपत्रं घेऊन सेंटरवर गेले, तर ज्वारीची मुदत ३० नोव्हेंबरलाच संपलेली! "तूच तर पंधरा तारीख लिहिली होतीस," एवढंच ते म्हणाले.

चूक माझीच होती. रब्बीत मुदत पिकानुसार बदलते. त्या हंगामात ज्वारीसाठी ३० नोव्हेंबर, बागायती गहू, हरभरा आणि कांद्यासाठी १५ डिसेंबर, तर उन्हाळी भात आणि भुईमुगासाठी ३१ मार्च होती. मी फक्त मधली तारीख उचलली.

दुसरी गडबड फॉरवर्डमध्ये होते. फोटो फॉरवर्ड करताना कॅप्शन काढून टाकता येतं, आणि मग उरतं नुसतं पोस्टर. त्यावर वर्ष नसेल तर तेच पुढच्या हंगामातही फिरत राहतं. म्हणून आता पीक, तारीख आणि वर्ष मी फोटोवरही लिहितो. कॅप्शन लांब असेल तर व्हॉट्सॲप ते अर्ध्यात दुमडतं, त्यामुळे तारखा सगळ्यात वर. चूक दिसलीच तर मेसेज १५ मिनिटांच्या आत एडिट करता येतो. फॉरवर्ड झालेली कॉपी मात्र त्याने बदलत नाही.

त्या हंगामाचं कॅप्शन खरं तर असं हवं होतं:

रब्बी पीक विमा २०२५-२६
ज्वारी: ३० नोव्हेंबर २०२५
गहू (बागायत), हरभरा, कांदा: १५ डिसेंबर २०२५
उन्हाळी भात, भुईमूग: ३१ मार्च २०२६
सोबत आणा: फार्मर आयडी, आधार, सातबारा, आठ-अ, बँक पासबुक, पेरणीचं स्वयंघोषणापत्र
अर्ज: सीएससी सेंटर किंवा pmfby.gov.in

कागदपत्रांची यादी सगळेच टाकतात, पण दोन गोष्टी राहून जातात. एक म्हणजे ई-पीक पाहणी. विमा हरभऱ्याचा आणि पाहणीत नोंद गव्हाची, असा फरक निघाला तर अर्ज रद्द होऊ शकतो. दुसरी गोष्ट बँक खात्याची. भरपाई थेट खात्यात येते, म्हणून ते आधारला जोडलेलं आहे ना, हे आधीच बघा.

सेंटरवाल्याला हप्त्याच्या वर पैसे द्यायचे नसतात. अर्जामागे ४० रुपये त्याला विमा कंपनीकडून मिळतात. पावती मात्र मागून घ्या. तिच्यावरचा अर्ज क्रमांक pmfby.gov.in वर 'Application Status' मध्ये टाकला की अर्ज कुठवर पोहोचला ते दिसतं. तिथे पीक, गट नंबर नि क्षेत्र पावतीशी ताडून बघा, आणि हे सगळं मुदत संपायच्या आत करा. नंतर चूक सापडली तर नव्याने अर्ज भरता येत नाही.